म्यूट केलेला साप

मी चंदगड तालुक्यात वाढले. तिथं पावसाळ्यात साप दिसणं म्हणजे दारात पावणं येण्याइतकं साधं होतं. आप्पा, म्हणजे माझे वडील, गवताच्या भाऱ्यातून निघालेला साप काठीच्या टोकाने बाजूला करून परत भारा बांधायला लागायचे. मला मात्र ते कधीच जमलं नाही. लग्न होऊन कोल्हापुरात आले, चौथ्या मजल्यावर राहायला लागले, पण भीती काही मागे राहिली नाही. खरं तर इथं आल्यावर ती वाढलीच. खरा साप निदान दूर असतो, फोनवरचा साप तळहातावर येतो.

शाहूपुरीत एका ट्रॅव्हल्सच्या ऑफिसात मी नोकरी करते. पावसाळ्यात आमच्याकडे पन्हाळा, आंबोली, तिलारी या बाजूची गर्दी असते. कुठला रस्ता बंद, कुठं दरड आली, कुठं धुकं आहे, हे सगळं आम्हाला छोट्या छोट्या पोस्टी टाकायच्या एका साईटवर आधी कळतं. म्हणून तिकडच्या बऱ्याच मंडळींना मी फॉलो करते. हीच मंडळी पावसाळ्यात सापांचे फोटो टाकतात. कुणाच्या गाडीच्या बॉनेटमध्ये घोणस निघते, कुणी हातात धामण धरून उभा असतो. त्यांना अनफॉलो केलं तर रस्त्याची खबर जाते, आणि नाही केलं तर सकाळच्या चहाबरोबर साप.

गेल्या वर्षी नागपंचमीच्या आधी हे फारच वाढलं. शेजारच्या टेबलावरची माझी मैत्रीण म्हणाली, "अगं, शब्द म्यूट कर की. मी मॅचचे स्कोअर तसेच बंद करते. रेकॉर्डिंग बघेपर्यंत कोण जिंकलं ते कळत न्हाई मला."

तिनेच सेटिंग उघडून दिलं. शब्द लिहायचा, किती काळ ते निवडायचं, आणि खाली एक खूण, फक्त पूर्ण शब्द जुळला तरच लपवायचं का. ती खूण आधीपासून केलेलीच होती. मी "साप" लिहिलं, मुदत एक आठवडा ठेवली, आणि ती खूण तशीच राहू दिली.

दुसऱ्याच दिवशी एक नाग फणा काढून समोर. खाली लिहिलं होतं, "या सापाला सुखरूप सोडलं." माझ्या हातातून फोन निसटला. मैत्रिणीने वाचून पाहिलं आणि म्हणाली, "साप कुठं हाय ह्यात? सापाला हाय. त्याला दोन येगळे शब्द वाटत असणार."

तसंच होतं. पूर्ण शब्द जुळवायचा म्हटल्यावर ते यंत्र "साप" एवढंच ओळखत होतं. सापाला, सापाचा, सापांनी, सापामुळे, हे सगळे त्याच्या लेखी परके होते. इंग्रजीत ते चालत असेल, तिथं ला-चा-नी सांगणारे शब्द सुटे राहतात. आमच्या भाषेत शब्दाला शेपूट लागतं, आणि शेपूट लागलं की तो निसटतो. मी आठ-दहा रूपं लिहायला बसले आणि कंटाळले. त्यात आठवडा संपला आणि मुदतही आपोआप संपली. कुणी सांगितलं नाही, विचारलं नाही. एका सकाळी भरपूर साप परत आले.

मग मी नीटच बसले. "साप" आणि "नाग" असे दोन शब्द घातले. मुदत काढून टाकली, म्हणजे कायमचं. पूर्ण शब्दाची खूण काढली, म्हणजे ही अक्षरं शब्दात कुठंही आली की पोस्ट गेलीच. इशारा देऊन झाकायचं की पूर्ण गायब करायचं, असंही विचारत होतं. झाकलेली पोस्ट मी मुद्दाम उघडून बघितली असती, स्वतःला मी ओळखते, म्हणून पूर्ण गायब. शेवटी हे कुठं कुठं लागू करायचं, तर मुख्य पानावर, संभाषणात आणि सूचनांमध्येही. ते शेवटचं का, तर ऑफिसातल्या दोघांना माझी भीती कळली होती आणि ते गंमत म्हणून मला टॅग करून साप पाठवत होते. सूचनांमध्ये लागू केल्यावर सूचना आल्याची घंटाही वाजायची बंद झाली. समोरच्याला यातलं काही कळत नाही. त्यांची पोस्ट त्यांच्याकडे जशीच्या तशी असते, फक्त माझ्यापर्यंत येत नाही. त्यांचा उत्साह आठवड्यात मावळला.

"विष" हाही शब्द घालणार होते. मैत्रिणीने हात धरला. "विषय जाईल सगळा. कोल्हापुरात जो तो 'विषय हार्ड' म्हणतोय, विषय म्यूट केलास तर राहतंय काय?" आम्ही दोघी खूप हसलो. तिथं आम्हाला दोघींनाही सुचायला हवं होतं, पण हसण्यात ते राहून गेलं.

एक मात्र खरं, ते फक्त अक्षरं बघतं, चित्र नाही. नुसता फोटो टाकून कुणी काहीच लिहिलं नाही, तर साप तसाच येतो. असे दोन-तीन आले. तेवढं मी सोसलं. बाकी पावसाळा शांत गेला, म्हणजे गेला असता.

आप्पा आमच्याकडे त्या उन्हाळ्यातच राहायला आले होते. आई गेल्यावर दोन वर्षं ते गावी एकटे राहिले, मग पडले, आणि मी हट्टाने त्यांना घेऊन आले. त्यांनी एकच अट घातली, कुत्रं बरोबर येणार. ते काळं, कानाजवळ पांढरं झालेलं, म्हातारं कुत्रं. एका डोळ्यात फूल पडलेलं. आप्पा त्याला गड्या म्हणायचे. दोघं सकाळ-संध्याकाळ फिरायला जायचे, आणि लिफ्टमध्ये दोघंही सारखेच अवघडून उभे असायचे.

गणपती यायच्या आधीची गोष्ट. एका मंडळाच्या मूर्तीचं आगमन होतं, संध्याकाळी कोपऱ्यावर डॉल्बी लागला. पहिला दणका बसला तसा गड्याने हिसका देऊन पट्टा साखळीतून सोडवला आणि गर्दीत घुसला. आप्पा त्याच्या मागे धावले. सत्तरी ओलांडलेला, एकदा पडलेला माणूस. कुणीतरी त्यांना धरून घरी आणून सोडलं तेव्हा त्यांच्या हातात नुसती साखळी होती.

"डोळ्यानं दिसत न्हाई त्याला नीट," एवढंच ते म्हणत होते. "माझ्या हातातनं गेलं."

मी आणि नवरा स्कूटरवर सगळ्या गल्ल्या पालथ्या घालून आलो. मग मी साईटवर लिहिलं. फोटो टाकला, खुणा लिहिल्या, आणि शेवटी, "सापडल्यास कृपया इथेच कळवा." फोन नंबर टाकला नाही. मागे एकदा ऑफिसच्या पोस्टवर माझा नंबर टाकला होता तेव्हा महिनाभर नको नको ते फोन आले होते.

माझी पोस्ट मला व्यवस्थित दिसत होती. आपलं स्वतःचं लिखाण ते लपवत नाही. त्यामुळे त्यात साप बसलाय हे मला दिसूनही दिसलं नाही.

उत्तरं यायला लागली. "आमच्या बाजूला दिसलं नाही." "काळजी करू नका." "म्हातारं कुत्रं डॉल्बीला घाबरून पळालं तर लांब जातं." एकाने लिहिलं, "रंकाळ्यावर एक काळं पडलेलं पाहिलं, बघून या." आम्ही पळत गेलो, ते दुसरंच होतं. जिवंत नव्हतं. आप्पा त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि बराच वेळ उठलेच नाहीत.

पुढचे दिवस मी फोन हातातून ठेवला नाही. ऑफिसात तिकिटं काढता काढता स्क्रीन खाली ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. घंटा वाजली की हातातलं काम टाकायची, आणि उघडलं की "नाही दिसलं" किंवा "अरेरे." दिवस जातील तशी घंटाही कमी झाली. मला राग येऊ लागला. एवढी माणसं मला ओळखतात, माझ्या रस्त्यांच्या पोस्टी शेअर करतात, आणि एकाने, एकाच माणसाने, "मिळालं का" म्हणून विचारलं होतं. बाकी कुणाला काहीच पडलेलं नाही. नवऱ्याला मी तसं बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, "लोकांना गणपतीची गडबड हाय." ते मला पटलं नाही.

घरी आप्पा बोलायचे थांबले होते. ते सकाळी एकटेच निघायचे, दुपारी यायचे, पायाला चिखल. एक दिवस मी कामावरून आले तर त्यांची पिशवी भरून दाराशी ठेवलेली.

"उद्याच्या गाडीनं जातो," ते म्हणाले.

"आप्पा, कुठं?"

"गावाला. हितं बसून काय करू? ते गावाकडच्या वाटंला लागलं असंल तर घरात कोण नको?"

"एवढ्या लांब ते कसं जाईल?"

"जाईल की," आप्पा म्हणाले. "मी न्हाई आलो हितं?"

नवऱ्याने त्यांना समजावलं. "मामा, दोन दिवस थांबा. मी शनिवारी सुट्टी घेतो, आपण परत सगळीकडं फिरू." आप्पांनी मान हलवली, पण पिशवी उचलली नाही. ती दाराशीच राहिली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात घंटा वाजली. अनोळखी बाई होत्या, फोटोत चष्मा आणि पांढरे केस. माझ्या पोस्टखाली त्यांनी लिहिलं होतं:

"आपल्या मौनाचा अर्थ आम्हांस समजला. त्याची सोय पन्हाळ्यास केली आहे. आता पुन्हा लिहिणार नाही."

मी ते चार वेळा वाचलं. कुणाचं मौन? कसली सोय? आधी वाटलं, चुकून दुसऱ्याच्या ऐवजी माझ्या पोस्टखाली पडलं. मग वाटलं, कुणीतरी क्रूर चेष्टा करतंय. मी मैत्रिणीला दाखवलं.

"आता पुन्हा लिहिणार न्हाई म्हणजे आधी लिहिलं असणार की," ती म्हणाली.

"नाही लिहिलं. बघ ना, हे पहिलंच आहे."

तिने माझ्या पोस्टखालचा आकडा बघितला. उत्तरं एकतीस असं तिथं लिहिलं होतं. मग ती बोटाने खाली खाली जात मोजायला लागली. "अगं, हितं तेराच हायत."

"काहींनी काढून टाकली असतील."

तिने स्वतःचा फोन काढला, माझी पोस्ट शोधली, आणि माझ्या हातात दिला.

त्या फोनवर सगळी एकतीस उत्तरं होती. "सापडलं का ताई?" "सापडलं की सांगा, जीवाला लागून राहिलंय." "अजून सापडलं नाही का?" गारगोटीचा एक गाडीवाला रोज विचारत होता. आणि मध्ये मध्ये त्या बाई.

पहिलं उत्तर पोस्ट टाकल्याच्या दुसऱ्या दिवशीचं. "आपण वर्णन केलेले कुत्रे आम्हांस नागाळा पार्कात सापडले आहे. सुखरूप आहे. छायाचित्र जोडले आहे." फोटोत गड्या एका पायपुसण्यावर झोपला होता. मग, "सापडलेल्या कुत्र्याविषयी आपला काहीच निरोप नाही." मग, "सापडलेले कुत्रे आपणांस परत नको असल्यास तसे स्पष्ट सांगावे. म्हातारे झाले म्हणून प्राणी असा टाकू नये."

मैत्रीण हळू आवाजात म्हणाली, "सापडलं. साप, डलं."

मला काही क्षण कळेचना ती काय म्हणते. मग कळलं. सापडलं या शब्दात साप होता. नागाळा पार्कात नाग होता. मी पूर्ण शब्दाची खूण काढली होती, म्हणून ही अक्षरं जिथं जिथं होती तिथला माणूस माझ्यापुरता नाहीसा झाला होता, त्याची घंटाही. "दिसलं नाही" मात्र सगळं येत होतं. नकार तेवढा माझ्यापर्यंत पोचला, आणि चौकशी आणि चांगली बातमी दाराबाहेर उभी राहिली. त्या बाईंच्या शेवटच्या तीन ओळींत सापही नव्हता आणि नागही नव्हता, म्हणूनच त्या मला दिसल्या. रागात त्यांनी "सापडलेले" हा शब्द आणखी एकदा वापरला असता तर मला कधीच काही कळलं नसतं.

मी तिथल्या तिथे दोन्ही शब्द काढून टाकले. पोस्ट पुन्हा उघडली तर सगळी उत्तरं जागेवर होती, जशी काही कधी गेलीच नव्हती. घंटा मात्र मागचं काही वाजवत नाही, तिची वेळ गेली ती गेली. मी बाईंना लिहायला घेतलं, दोनदा खोडलं. शेवटी माझा नंबर पाठवला, फक्त त्यांना, आणि एवढंच लिहिलं, "कुत्रं आमचंच आहे. आम्हाला हवं आहे. कृपया फोन करा."

अर्ध्या तासाने फोन आला. निवृत्त शिक्षिका असणार हे आवाजावरूनच कळलं.

"तुम्ही इतके दिवस काय करत होता?"

मी सांगायला लागले. सापाची भीती, म्यूट, पूर्ण शब्द. माझं मलाच ते सगळं बनवून सांगितल्यासारखं वाटत होतं.

त्या मध्येच म्हणाल्या, "थांबा. म्हणजे मी जर 'मिळाले आहे' असं लिहिलं असतं तर?"

"तर त्याच दिवशी कळलं असतं."

मग त्या म्हणाल्या, "आयुष्यभर शुद्ध लिहायला शिकवलं. असं काही असतं हे ठाऊक नव्हतं. माझ्या दिरांचं पन्हाळ्याला घर आहे, काल त्यांच्याकडे पाठवलं. आमच्याकडे मांजरं आहेत, दोघांचं जमेना. पत्ता देते, पण एक विचारते, राग मानू नका. घरात त्याला सांभाळणारं कोण आहे?"

"माझे वडील," मी म्हणाले. "त्यांचंच आहे ते."

"मग त्यांना घेऊन जा. कुत्रं काही खात नाहीये."

मी साहेबांना सांगून लवकर निघाले. घरी आले तर दाराशी पिशवी नव्हती. शेजारच्या काकू म्हणाल्या, आप्पा आत्ताच स्टँडकडे गेले, रिक्षाने. आप्पांजवळ फोन होता, पण ते उचलत नव्हते. मी नवऱ्याला फोन केला आणि तशीच रिक्षा पकडली. वाटेत एक आगमनाची मिरवणूक, रिक्षा पुढे सरकेना. मी उतरले आणि चालत सुटले.

स्टँडवर चंदगडची गाडी लागलेली होती. आप्पा खिडकीशी बसले होते, पिशवी मांडीवर.

"आप्पा, उतरा. सापडलं."

त्यांना ऐकू आलं नाही. मी गाडीत चढले. कंडक्टर म्हणाला, "बाई, तिकीट?"

"उतरायचंय आम्हाला," मी म्हणाले. आणि आप्पांना बाईंच्या उत्तरातला फोटो दाखवला. पायपुसण्यावर झोपलेला गड्या.

आप्पांनी चष्मा वर केला, फोन लांब धरला, मग जवळ आणला. "व्हय, ते हाय की," ते म्हणाले. "कान तोच. कुठं हाय?"

"पन्हाळ्याला."

"चल मग," म्हणून ते उठले आणि पिशवी विसरले. कंडक्टरने ती खिडकीतून बाहेर दिली.

नवरा कार घेऊन आला आणि आम्ही तिघं पन्हाळ्याला निघालो. वर धुकं होतं, दिवे लावूनही पुढचं काही दिसत नव्हतं. वाटेत मी आप्पांना सगळं सांगितलं. त्यांना म्यूट हा प्रकार समजावून सांगायला वेळ लागला. शेवटी ते म्हणाले, "म्हणजे सापाचा फोटो नको म्हणून तू सांगितलंस, आणि त्यानं सापडलेलं बी ठेवून घेतलं?"

"हो."

"बरं झालं, मला ह्यातलं काही येत न्हाई," ते म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "तू लहानपणापासनंच भितीस. त्यात काय हाय."

त्या दिरांच्या पडवीत गड्या पोत्यावर पडला होता. समोर दूधभाकरी तशीच. तो उठला नाही. आप्पा त्याच्यापासून चार हातांवर थांबले आणि नेहमीसारखं म्हणाले, "काय गड्या." तेव्हा त्याने मान वर केली, नाक इकडे तिकडे फिरवलं आणि चुकीच्याच दिशेला शेपूट हलवत निघाला. मग वास लागला आणि वळला. आप्पांनी त्याला जवळ घेतलं. घरमालक चहा घेऊन आले आणि दारातच थांबले.

आप्पा कोल्हापुरात राहिले नाहीत. गणपती झाल्यावर दोघंही गावी गेले. मी अडवलं, पण आधीसारखं नाही. "तिथं डॉल्बी न्हाई," एवढंच कारण त्यांनी दिलं. आता रोज संध्याकाळी फोन होतो, आणि फोन एका रिंगमध्ये उचलला नाही की मी उठून येरझारा घालायला लागते.

साप मी पुन्हा म्यूट केलाय. पण या वेळी कंटाळा न करता रूपं एकेक लिहिली, साप, सापाला, सापाचा, सापांना, आणि प्रत्येकापुढे पूर्ण शब्दाची खूण ठेवली. गायब करण्याऐवजी नुसतं झाकायचं निवडलं, म्हणजे तिथं काहीतरी आहे एवढं तरी कळतं. सूचनांमधून ते काढून टाकलं. मुदत महिन्याची ठेवते. संपली की साप येतात, मी डोळे मिटून पुन्हा लावते. तरीही फोन जरा जास्त वेळ गप्प राहिला की मला चैन पडत नाही. मी सेटिंग उघडून यादी वाचते, प्रत्येक शब्दात आणखी कुठला शब्द दडलाय का ते बघते.

पन्हाळ्याहून आल्यावरच्या रविवारी मी त्या सगळ्या उत्तरांना उत्तरं लिहायला बसले होते. गारगोटीच्या गाडीवाल्याला, ऑफिसातल्या त्या दोन टॅग करणाऱ्यांना, त्यांनीही विचारलं होतं. एकेकाला लिहीत गेले, "सापडलं. उशिरा कळवतेय, माफ करा." शाळेतली एक मैत्रीण होती. मधे बरीच वर्षं आमचं बोलणं नव्हतं. तिने तीनदा विचारलं होतं, तिसऱ्यांदा फक्त, "सापडो न सापडो, तू बरी आहेस ना?" तिला मी लिहिलं नाही, फोनच केला. तिने उचलला. आवाज जरा कोरडाच होता.

"कळलं मला, तुला बोलायचं नाही ते," ती म्हणाली.

"नाही गं," मी म्हणाले, "ऐक तर," आणि पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.